बायोडाट्यातून काय गाळायचं?

आपल्याकडे 'बायोडाटा' हा एकच शब्द दोन कागदांसाठी चालतो. एक लग्नाचा, एक नोकरीचा. दोन्ही टाइप करून देणारा झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा बहुतेक वेळा एकच असतो आणि त्याच्या कॉम्प्युटरवर आधीच ठेवलेला नमुनाही जवळपास एकच. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, भाषा, छंद, आणि शेवटी 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' असं लिहून सही. लग्नाच्या कागदात उंची आणि भावंडं वाढतात, नोकरीच्या कागदात शिक्षणाचा तक्ता वाढतो. एवढाच काय तो फरक.

लग्नाच्या बायोडाट्यात धर्म, जमात, वय, घरची माणसं यांना जागा आहे, कारण वाचणाऱ्याला त्याच गोष्टींवरून काहीतरी ठरवायचं असतं. शाळेच्या मुख्याध्यापकांना मराठीचा शिक्षक हवा असतो. त्यांना 'धर्म : इस्लाम' या ओळीवरून काय ठरवायचं असतं? प्रामाणिकपणे काही ठरवता येत असेल तर ती ओळ राहू द्यावी. येत नसेल तर ती वाचणाऱ्याच्या हाती उगाच एक कारण देते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. करून नोकरीच्या शोधात असलेली माझी जुनी मुलं-मुली हा कागद घेऊन माझ्याकडे येतात. सगळ्यांचा प्रश्न साधारण सारखा असतो : यातून काय काढू? गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीचा कागद आम्ही ओळीओळीने तपासला. त्या कागदात हा प्रश्न सगळ्या बाजूंनी आला होता, म्हणून तोच इथे मांडते. ओळख पटू नये म्हणून नावं आणि गावं देत नाही.

तिची माहिती अशी. जन्म १९९०. पहिली ते दहावी उर्दू माध्यम. पुढे मराठी घेऊन बी.ए., मग एम.ए., मग बी.एड. २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं एका शाळेत शिकवलं. मग पहिलं मूल, दुसरं मूल, सासूबाईंचं आजारपण. सहा वर्षं घरी. त्यातल्या शेवटच्या तीन वर्षांत घरीच मराठीची ट्यूशन. २०२३ पासून एका क्लासमध्ये अर्धवेळ. आता तिला शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवायचं होतं.

अशा जागा अलीकडे निघतात, त्यालाही कारण आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला आणि राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांमध्ये मराठी शिकवणं सक्तीचं झालं. पहिली आणि सहावीपासून सुरुवात करून एकेक इयत्ता पुढे न्यायची, असं ठरलं. म्हणजे केंद्रीय मंडळांच्या ज्या शाळांत निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही, त्यांनाही मराठीचे शिक्षक हवे झाले. या मुलीच्या दृष्टीने ही संधी होती. पण कागद माझ्यासमोर ठेवून तिने जो पहिला प्रश्न विचारला तो असा : "मॅडम, ये उर्दू मीडियम निकाल दूँ क्या?"

धर्माची ओळ काढू का, हे तिने विचारलंच नाही. ती तिने लाल पेनाने आधीच खोडून आणली होती.

धर्माची ओळ काढली म्हणजे प्रश्न मिटला, असं मात्र नाही. आपलं नावच बोलतं. याचं मोजमापही झालेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले होते. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. त्यांचा लेख २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला साधारण एक तृतीयांश. पुढे २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशनने तोच प्रयोग स्त्रियांच्या बाबतीत केला. एक हजार जागांसाठी सारख्या पात्रतेचे दोन-दोन अर्ज गेले, एक हिंदू स्त्रीच्या नावाने आणि एक मुस्लिम स्त्रीच्या नावाने. पहिलीला २०८ ठिकाणांहून प्रतिसाद आला, दुसरीला १०३.

हे आकडे मी मुलांना घाबरवायला सांगत नाही. त्यातून एक व्यवहाराची गोष्ट कळते. नाव तर गाळता येत नाही, मग बाकीच्या कागदाने काय करायचं? बाकीच्या कागदाने वाचणाऱ्याची नजर नावावरून लवकरात लवकर कामाकडे न्यायची. नावाखाली लगेच धर्म, जात, वैवाहिक स्थिती, मुलं अशी रांग असेल, तर वाचणारा पहिल्या अर्ध्या पानात कामाचं काहीच वाचत नाही. तो आपल्याबद्दल फक्त अंदाज बांधत राहतो.

नावावरून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात मुसलमानांमध्ये देशमुख आहेत, पाटील आहेत, इनामदार आहेत. माझ्या ओळखीचे एक शिक्षक अर्जावर फक्त आद्याक्षरं आणि पुढे देशमुख असं लिहितात. फोन येतो, "देशमुख सर, मुलाखतीला या." ते जातात, आणि मग समोरच्या टेबलावर थोडी चलबिचल होते. "अच्छा, तुम्ही का देशमुख?" मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला आवडतं का? ते म्हणाले, "आडनाव बापजाद्यांचं आहे, उसनं आणलेलं नाही. आणि फोन तरी येतो. फोन आला तर पाठ घेऊन दाखवता येतो." त्यांच्या बोलण्यात मला खोट काढता आली नाही. त्यांनी कुठेही खोटं लिहिलेलं नव्हतं. मात्र मुलाखतीची पहिली पाच मिनिटं समोरच्यांची नवलाई ओसरण्यात जातात, हेही त्यांनीच सांगितलं. ज्याला ती पाच मिनिटं पेलतात त्याने तसं करावं. माझ्या या विद्यार्थिनीचं आडनाव शेख. तिच्यापुढे हा पर्यायच नव्हता.

आता त्या उर्दू माध्यमाच्या ओळीकडे येते.

धर्माची ओळ आणि उर्दू माध्यमाची ओळ, दोन्हींवरून समोरच्याला एकच गोष्ट कळते, असं तिचं म्हणणं होतं. एक काढायची तर दुसरी का ठेवायची? वरवर पाहिलं तर ते बरोबर आहे. पण मी तिला विचारलं, ट्यूशनच्या मुलांना तू मराठी कशी शिकवतेस? ती सांगू लागली. गुजराती, हिंदी, तमिळ घरांतली मुलं येतात. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते, नपुंसकलिंगी शब्दांपाशी. उर्दू-हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन. 'किताब अच्छी है' म्हणणारं मूल 'पुस्तक चांगली आहे' असंच म्हणणार. त्याला नुसतं 'चूक' म्हणून उपयोग नाही, कारण त्याच्या कानाला ते बरोबर वाटतंय. ती स्वतः सातवीपर्यंत 'माझा घर' म्हणायची. म्हणून मुलांना शब्द एकटा द्यायचा नाही, 'ते घर', 'ते पुस्तक', 'ते झाड' असा जोडीनेच द्यायचा, ही युक्ती तिने स्वतःच्या अडचणीतून काढली होती. ल आणि ळ यांचंही तसंच. 'काल' आणि 'काळ' असे शब्द आधी नुसते ऐकवायचे, ओळखायला लावायचे आणि मगच बोलायला लावायचे. 'चमचा'मधला च आणि 'चहा'मधला च वेगळा आहे, हे मराठी घरात वाढलेल्या शिक्षकाच्या कधी लक्षातही येत नाही, कारण त्याला तो फरक कधी शिकावाच लागला नाही.

मी तिला म्हटलं, तू जे आत्ता बोललीस ते या कागदात कुठे आहे? कुठेच नव्हतं. 'उर्दू माध्यम' ही ओळ शिक्षणाच्या तक्त्यात एका चौकटीत नुसती पडून होती आणि म्हणून ती धर्माच्या ओळीची बहीण वाटत होती. खरं तर त्या शाळेला जी अडचण आहे तिचं उत्तर त्याच ओळीत होतं. मराठी ही घराबाहेरची भाषा म्हणून शिकून जिने त्यात एम.ए. केलं, तीच अमराठी मुलांना मराठी शिकवायला योग्य. ती ओळ गाळली असती तर धर्म फारसा झाकला गेला नसता, कारण शेख हे आडनाव वर होतंच. गेली असती ती लायकी.

तेव्हा आम्ही एक साधा नियम ठरवला. आपण कोण आहोत एवढंच सांगणारी ओळ काढायची. आपण काम कसं करतो हे सांगणारी ओळ ठेवायची, मग तिच्यातून आपण कोण हे कळलं तरी चालेल.

वयाच्या बाबतीत हाच नियम लावला. जन्मतारखेची ओळ काढली. खासगी शाळेच्या पहिल्या अर्जात, जाहिरातीत मागितली नसेल, तर तिची गरज नाही. पण जन्मतारीख काढून दहावीचं वर्ष ठेवलं तर कोणीही बोटांवर हिशेब करतो. काही मुलं मग सगळी वर्षंच काढून टाकतात, नुसत्या पदव्या लिहितात. हे मी करू देत नाही. पदवीचं वर्ष हा शिक्षणाच्या माहितीचा भाग आहे. ते नसलं की वाचणाऱ्याला शंका येते, आणि शंकेतलं वय खऱ्या वयापेक्षा नेहमी जास्त असतं. मधला रस्ता असा की एम.ए. आणि बी.एड. वर्षांसकट लिहायचं. दहावी-बारावीचे टक्के आणि वर्ष कागदपत्रांच्या वेळी दाखवायचं. पदव्युत्तर शिक्षण झालेल्या माणसाच्या दहावीच्या टक्क्यांत तसाही कोणाला रस नसतो. दहावीची शाळा मात्र तिने माध्यमासह एका ओळीत ठेवली, कारण तिचं कारण वर सांगितलंच आहे.

वय आणखी एका चोरवाटेने कागदात येतं. तिच्या ईमेलच्या पत्त्यात नवऱ्याचं नाव आणि स्वतःचं जन्मवर्ष होतं. कोणे एके काळी नवऱ्याने तो उघडून दिलेला. आम्ही फक्त तिच्या नावाचा नवा पत्ता काढला. व्हॉट्सअॅपवर दोन्ही मुलांचा ईदच्या कपड्यांतला फोटो होता. अर्जावरच्या नंबरवर शाळेचा क्लार्क पहिला मेसेज टाकतो तेव्हा तो फोटो त्याला दिसतो. कागदावरून 'मुले : दोन' खोडून तेच फोनवर दाखवण्यात अर्थ नव्हता. अर्ज पाठवायच्या दिवसांपुरता तिने तो बदलला.

आता घरची माहिती. 'वैवाहिक स्थिती', 'पतीचे नाव व व्यवसाय', 'मुले' या तिन्ही ओळी काढल्या. बाईने लिहिलेली ही माहिती आणि पुरुषाने लिहिलेली तीच माहिती वेगळी वाचली जाते. पुरुषाला दोन मुलं म्हणजे जबाबदार माणूस. बाईला दोन मुलं म्हणजे रजा मागणारी. पण त्या ओळींच्या मागे कामाशी संबंधित एक गोष्ट होती, २०१७ ते २०२३ हा काळ. तो लपवायचा का? तिच्या एका मैत्रिणीने सुचवलं होतं की पहिल्या शाळेतला अनुभव '२०१५ ते २०२०' असा लिहावा, कोण तपासतंय? हा सल्ला मी तिथल्या तिथे बाजूला ठेवला. अनुभवाचा दाखला शाळा मागतेच, आणि त्यावर तारखा असतात.

पण पकडले जाऊ म्हणून खोटं लिहायचं नाही, एवढंच कारण पुरेसं नाही. आपल्या सगळ्यांना माहीत असलेली ती हदीस आहे. बाजारात धान्याच्या ढिगात रसूलुल्लाहनी हात घातला तर आतलं धान्य ओलं निघालं. भिजलेलं धान्य वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असं बजावलं. ही हदीस मला या प्रश्नात फार उपयोगी वाटते, कारण ती लपवणं आणि न सांगणं यातला फरक दाखवते. व्यापाऱ्याने धान्याचा दोष दडवला होता. त्या व्यापाऱ्याचं वय, त्याची मुलं, त्याचा कबिला यांचा धान्याशी संबंध नव्हता आणि ते त्याला कोणी विचारलंही नाही. विकत घेणाऱ्याला मालाची खरी स्थिती कळायला हवी, हा त्याचा हक्क आहे. मुसलमान असणं हा मालातला दोष नाही. पस्तिशी हा दोष नाही. आई असणं हा दोष नाही. ते न सांगण्यात फसवणूक नाही. पण सहा वर्षं वर्गात उभं न राहणं हे शाळेला कळायला हवं. ते दडवणं म्हणजे ओलं धान्य खाली ठेवणं.

काही वाचकांचा आक्षेप उलट बाजूने येईल. धर्म लिहायला लाज वाटते का? आपण होऊन तो का खोडायचा? हा प्रश्न एका मौलवी साहेबांनी मला समोरासमोर विचारला होता. मी त्यांना विचारलं, तुम्ही डॉक्टरकडे जाता तेव्हा केसपेपरवर हाफिज असल्याचं लिहिता का? ते हसले. जिथे ज्याची गरज नाही तिथे ते न सांगणं ही लाज नसते. लाज तेव्हा, जेव्हा कोणी विचारलं आणि आपण दुसरंच काही सांगितलं.

तर मधली वर्षं तिने अशी लिहिली : '२०१७–२०२० : कौटुंबिक कारणाने शालेय अध्यापनात खंड. २०२०–२०२३ : घरी मराठीच्या शिकवण्या, इयत्ता तिसरी ते आठवी, एका वेळी दहा-बारा विद्यार्थी, बहुतेक अमराठी घरांतले.' कौटुंबिक कारण म्हणजे काय, हे तिथे लिहिलेलं नाही. ते लिहायचं बंधन नाही. खंड आहे हे मात्र स्पष्ट आहे.

पत्त्याचा प्रश्नही असाच सुटला. आपल्या मोहल्ल्यांची नावं आपल्या आडनावांसारखीच बोलतात. मोमिनपुरा लिहिलं की पुढचं कोणी वाचत नाही. शाळेला पत्त्यातून हवं काय असतं? ही बाई सकाळी सातला पोहोचेल का, एवढंच. म्हणून गावाचं नाव, पिन कोड आणि 'शाळेपासून सहा किलोमीटर, स्वतःचं वाहन' एवढं लिहिलं. पूर्ण पत्ता आधार कार्डावर आहेच, कागदपत्रं तपासताना तो दिसेल.

फोटोबद्दल ती जास्त अडखळली. ती स्कार्फ बांधते. स्कार्फ काढून काढलेला एक जुना फोटो तिच्याकडे होता. जाहिरातीत फोटो मागितला नसेल तर लावायचाच नाही, हे सोपं होतं. मागितला असेल तर कोणता? मी म्हटलं, मुलाखतीला ज्या रूपात जाणार त्याच रूपातला. फोटोतली एक आणि दारात दुसरी अशी सुरुवात झाली तर ती नोकरी मिळूनही रोज सकाळी फाटकाशी तोच प्रश्न उभा राहील. शिवाय शाळेत स्कार्फ चालतो का, हे आपल्यालाही कळायला हवं असतं. ते बायोडाट्यात लिहायचं नाही, कारण ती काही पात्रता नव्हे. पण नोकरी देऊ केल्यावर, होकार द्यायच्या आधी, आपण स्वतःहून विचारून घ्यायचं. काही गोष्टी समोरच्याने विचारायच्या नसतात, पण आपण विचारायच्या असतात.

नावाच्या ओळीत एक तांत्रिक गुंता होता आणि तो बऱ्याच मुलींच्या बाबतीत असतो. पदवीच्या प्रमाणपत्रांवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. बायोडाट्यावर प्रमाणपत्रावरचंच नाव लिहावं. त्यात घरची माहिती आपोआप गळते आणि अर्ज व गुणपत्रिका एकमेकांशी जुळतात. नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर ते, नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि निकाहनाम्याची प्रत फाइलमध्ये ठेवावी, मागितली की द्यावी.

हे सगळं झालं आपण स्वतः लिहितो त्या कागदाचं. छापील किंवा ऑनलाइन अर्जाची गोष्ट निराळी आहे. त्यात आपल्याला काही गाळायची मुभा नाही. पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या शिक्षक भरतीत जन्मतारीख लागतेच, कारण वयोमर्यादा असते. राज्य सरकारी सेवेत ती साधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन यांच्यासारख्या इतर मागासवर्गात मोडणाऱ्या जमातींतल्या उमेदवाराने तिथे संकोचाने जात सोडली, तर तो आपला हक्क सोडतो. तिथे जात लिहायची, आणि जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमीलेअर वेळेत काढून ठेवायचं. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला मनाई केली आहे, खासगी शाळेच्या टेबलापर्यंत तो अनुच्छेद पोहोचत नाही. म्हणून जो सल्ला खासगी शाळेच्या बायोडाट्याला लागू आहे तोच सरकारी अर्जाला लावू नये. दोन्हीकडे एकच छापील नमुना वापरणारी मुलं एकीकडे जास्त सांगतात आणि दुसरीकडे कमी.

शेवटी तिच्या बायोडाट्याच्या वर, नावाखाली, आम्ही चार ओळींचा परिचय लिहिला. तो जवळजवळ जसाच्या तसा देते : 'मराठी विषयात एम.ए., बी.एड. शाळेत दोन वर्षं, खासगी शिकवणीत पाच वर्षं मराठी अध्यापन. माझं शालेय शिक्षण उर्दू माध्यमातून झालं. मराठी मी घराबाहेरची भाषा म्हणून शिकले. त्यामुळे अमराठी घरांतली मुलं लिंग, वचन आणि उच्चार यांत नेमकी कुठे अडतात हे मला माहीत आहे, आणि त्यासाठी मी स्वतः तयार केलेले सराव वापरते.' यात वय नाही, नवरा नाही, मुलं नाहीत, धर्माची ओळ नाही. आणि तरी ती बाई कोण आहे हे वाचणाऱ्याला नीट कळतं.

पाच शाळांना कागद गेला. दोन ठिकाणांहून फोन आला. पाच अर्जांवरून काही सिद्ध होत नाही, आणि बाकीच्या तीन ठिकाणी काय झालं ते विचारायची सोय नसते. एका मुलाखतीत गाळलेलं सगळं तोंडी विचारलं गेलं. घरी कोण कोण आहे, मुलं केवढी आहेत, रमजानमध्ये कसं करता. ही तयारी आम्ही करून ठेवली होती. प्रश्न टाळायचा नाही, चिडायचं नाही, खोटं बोलायचं नाही. प्रश्नाच्या पोटातली कामाची काळजी ओळखून तिचं उत्तर द्यायचं. ती म्हणाली, "दोन मुलं आहेत, दोघंही शाळेत जातात. मी पावणेसातला शाळेत असेन. रोजे ठेवून मी याआधीही पूर्ण वेळ शिकवलं आहे." मग तिने विचारलं, "पाठ कोणत्या वर्गावर घेऊ?" त्या शाळेने नंतर कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही.

दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिकेने परिचयाच्या चार ओळींतल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "लिंगाचा सराव म्हणजे काय करता, दाखवा." तिने सहावीच्या वर्गावर 'तो, ती, ते' घेतलं. एका वर्षाच्या करारावर तिला घेतलं. होकार द्यायच्या आधी तिने स्कार्फचं विचारलं. चालेल म्हणाल्या. रुजू व्हायच्या दिवशी ऑफिसात चार पानांचा छापील फॉर्म मिळाला. त्यात जन्मतारीख होती, पतीचे नाव होतं, मुलांची संख्या होती, धर्माचा रकाना होता. तिने सगळे रकाने भरले. त्या फॉर्मवरून आता कोणाला काही ठरवायचं नव्हतं.